तीन वाजताचा चिवडा, साडेअकराची भुर्जी: एक प्रकरण अभ्यास

तो आला तेव्हा त्याच्या हातात रक्ततपासणीचा कागद होता. वय २६, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करायला आला तेव्हा वजन ७५ होतं. म्हणजे दोन वर्षांत नऊ किलो वाढ. कागदावर गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ५.८ होतं, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पट्टी ५.७ पासून सुरू होते. वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे आकडा बघून तो घाबरला होता.

"मॅडम, मला भूक नसतीच. तरी खातो. माझ्यात कंट्रोलच नाही," हे त्याचं पहिलं वाक्य. मी आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते आहे आणि हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. त्याचं प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण भूक नसताना खाण्याची तीन वेगवेगळी कारणं या एका मुलात एकाच वेळी होती आणि ती एकमेकांपासून सुटी करता आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्याच्या संमतीनेच हे लिहिते आहे.

दिनक्रम असा. सदाशिव पेठेत चौघांची खोली. सकाळी आठला अभ्यासिका, दुपारी एकला मेसचं जेवण, पुन्हा अभ्यासिका, रात्री साडेआठला मेस, मग पुन्हा साडेदहा-अकरापर्यंत अभ्यास. झोपायला दीड. मधल्या खाण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "असंच, किरकोळ. चहाबरोबर काहीतरी." याच्यावर मी कधीच विसंबत नाही. लोक खोटं सांगतात असं मला म्हणायचं नाही. जे लक्ष न देता खाल्लं जातं ते आठवत नाही, एवढंच.

आधी दोन गोष्टी बाजूला काढायच्या होत्या. एक म्हणजे भूक वाढवणारी औषधं. स्टेरॉइड किंवा मानसोपचारातली काही औषधं चालू असतील तर सगळा विचार वेगळा करावा लागतो. त्याचं काहीच चालू नव्हतं, थायरॉइडही ठीक होतं. दुसरी म्हणजे अतिखाण्याचा आजार, ज्याला मानसोपचाराच्या निदानसूचीत २०१३ पासून स्वतंत्र जागा आहे. त्यात माणूस साधारण दोन तासांच्या आत इतरांपेक्षा उघडउघड जास्त खातो, थांबताच येत नाही असं त्याला वाटतं, आणि हे आठवड्यातून किमान एकदा असं तीन महिने चालतं. एकट्याने लपून खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, नंतर स्वतःची किळस येणं ही त्याची लक्षणं. असा माणूस आला तर मी डायरी हातात देण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. या मुलाचं खाणं वारंवार होतं, पण एका वेळचं प्रमाण लहान होतं आणि बरंचसं मित्रांच्या समोरच होतं. तो त्या व्याख्येत बसत नव्हता.

मग चौदा दिवसांची वही दिली. जेवणाव्यतिरिक्त जे तोंडात जाईल ते लिहायचं: किती वाजता, कुठे, काय, किती. त्याच्यापुढे तीन रकाने, आणि माझ्या दृष्टीने खरी वही तीच. खाण्याआधी भूक किती, शून्य ते दहा. आधीची दहा मिनिटं काय करत होतास. आणि मन किती ताणलेलं होतं, शून्य ते दहा: खाण्याआधी, खाल्ल्यावर लगेच आणि अर्ध्या तासाने. एक अट घातली, या चौदा दिवसांत काहीही कमी करायचं नाही. वही लिहायला लागलं की माणूस आपोआप सुधारल्यासारखा वागतो आणि मग आपण ज्याला शोधतोय तेच लपून बसतं.

भुकेला आकडा देणं त्याला पहिले तीन दिवस जमेना. खावंसं वाटतंय म्हणजे भूकच की, असं त्याचं म्हणणं. त्याला एक प्रश्न शिकवला: आत्ता समोर साधा वरणभात ठेवला, लिंबू-तूप नाही, लोणचं नाही, तर खाशील का? मनापासून "हो" आलं तर पाचाच्या वरचा आकडा. "वरणभात नको, चिवडा असेल तर बघू" असं आलं तर तीनच्या खालचा. पोटाच्या भुकेला पदार्थाचा फारसा हट्ट नसतो. ही कसोटी अचूक नाही, पण भूक ओळखायची सवय लागेपर्यंत तिचा उपयोग होतो.

चौदा दिवसांत ४६ नोंदी झाल्या. दिवसाला तीनाहून जास्त, आणि हाच मुलगा "किरकोळ" म्हणाला होता. त्यातल्या १९ दुपारी तीन ते पाचच्या दरम्यानच्या, १७ रात्री साडेदहा ते एकच्या दरम्यानच्या. उरलेल्या १० इकडेतिकडे विखुरलेल्या: कुणाचा वाढदिवस, कुणी गावाहून आणलेले लाडू. त्या मी सोडून दिल्या. चार मित्रांत राहणाऱ्या माणसाने तेवढं खावंच.

दुपारच्या १९ नोंदींपैकी १६ मध्ये भुकेचा आकडा तीन किंवा कमी होता. साहजिकच आहे, एक वाजता मेसचं जेवण झालेलं. मनाचा ताणही दोन-तीनच. म्हणजे भूक नाही, ताणही नाही, तरी मुठीमागून मूठ चिवडा. दोन मुठी म्हणजे पन्नासेक ग्रॅम, म्हणजे अंदाजे अडीचशे कॅलरी. आधीच्या दहा मिनिटांचा रकाना वाचला तेव्हा एकाच तऱ्हेची वाक्यं पुन्हा पुन्हा दिसली. "राज्यघटना, चौथं वाचन." "भूगोलाच्या नोट्स, जुन्याच." "चालू घडामोडी, अंडरलाइन केलेलं परत वाचतोय." गणित-बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवताना खाल्ल्याची एकही नोंद नव्हती.

इथे मराठीत आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: तोंडाला चाळा. हाताला चाळा असतो तसाच. कंटाळलेला माणूस पेनचं टोपण उघडझाप करतो, पाय हलवतो, फोन चाळतो, तसाच चिवडा चावतो. कंटाळलेल्या मनाला हवा असतो फरक. तो गोड आहे की तिखट, सुखाचा आहे की दुखाचा, हे त्याच्या लेखी दुय्यम असतं. हे म्हणणं टोकाचं वाटेल, म्हणून नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सांगते. त्यांनी काही लोकांना टेनिसची ८५ सेकंदांची एकच चित्रफीत तासभर पुन्हा पुन्हा दाखवली. शेजारी चॉकलेटच्या गोळ्या ठेवल्या होत्या. कंटाळलेल्यांनी त्या जास्त खाल्ल्या, यात नवल नाही. पण दुसऱ्या भागात चॉकलेटच्या जागी स्वतःला विजेचा सौम्य पण त्रासदायक झटका देण्याची सोय ठेवली, तर कंटाळलेल्यांनी झटकेसुद्धा जास्त घेतले. चव किंवा सुख हेच कारण असतं तर झटका कुणी घेतला नसता. त्या तासात काहीतरी घडायला हवं होतं, बस्स.

हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी चिवडा खातो तो चिवड्यासाठी नाहीच." या वाक्याने त्याचा "माझ्यात कंट्रोल नाही" हा समज पहिल्यांदा हलला.

पण वहीतून निघालेल्या निष्कर्षात एक भोक होतं. तो गणित सकाळी सोडवायचा आणि नोट्स दुपारी वाचायचा. मग चिवडा कंटाळवाण्या वाचनामुळे होता, की केवळ दुपारचे तीन वाजल्यामुळे? दुपारी अंग जड होतं, चहाची टपरी गजबजते, मित्र उठतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतील तर नुसत्या नोंदी बघून सांगता येत नाही. म्हणून वह्या झाल्यावर लगेच एक आठवडा अदलाबदल केली. प्रश्न सोडवणं दुपारी तीन ते पाच, नोट्सचं वाचन सकाळी. खाण्याबद्दल काहीही सूचना दिली नाही. आधी आठवड्याला नऊ-दहा वेळा होणारं दुपारचं खाणं चारवर आलं. आणि सकाळी, जिथे आधी एकही नोंद नव्हती, तिथे तीन नोंदी उगवल्या: साडेदहाला बिस्किटं, दोनदा शेंगदाणे. खाणं वाचनाच्या मागोमाग घड्याळाची जागा बदलून गेलं होतं. दुपारच्या उरलेल्या चार नोंदी मात्र टपरीवरच्या होत्या, चहाबरोबर क्रीमरोल. तो भाग वेळेचा आणि सवयीचा. चहा हातात आला की दुसऱ्या हातात काहीतरी लागतंच, भूक असो वा नसो.

आता रात्र.

रात्रीच्या नोंदी मी आधी वाचल्या असत्या तर माझीही फसगत झाली असती. तो स्वतः म्हणत होता की रात्रीचं खाणं टेन्शनचं आहे. अभ्यास संपतो, डोक्यात विचार सुरू होतात, खाली गाडीवर जाऊन अंडाभुर्जी-पाव खातो. पटण्यासारखं स्पष्टीकरण आहे. पण १७ पैकी १२ नोंदींत भुकेचा आकडा पाच किंवा जास्त होता. त्याला विचारलं, साडेआठला जेवतोस ना? तेव्हा कळलं की तीन महिन्यांपासून तो "डाएट" करत होता. मेसमध्ये भात बंद, चारऐवजी दोन पोळ्या, आमटी कमी. हे त्याने मला आधी सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या मते ती त्याच्या दिवसातली एकमेव चांगली गोष्ट होती.

मग नोंदी जेवणाच्या कडेने पुन्हा मांडल्या. चौदा रात्रींपैकी दहा रात्री त्याने जेवण छाटलं होतं. त्या दहाच्या दहा रात्री नंतर खाणं झालं, मिळून १४ वेळा. चार रात्री पोटभर जेवला होता, त्यातल्या दोनच रात्री नंतर खाल्लं, मिळून तीन वेळा. दोन पोळ्या आणि वाटीभर भात सोडून साडेतीनशे-चारशे कॅलरी वाचवायच्या आणि तीन तासांनी दोन अंड्यांची तेलातली भुर्जी आणि दोन पाव, म्हणजे पाचशेच्या आसपास घ्यायच्या, असा हिशोब रोज चालला होता. या खाण्याला ताण म्हणणं चूक. ही साधी वखवख होती, अर्धपोटी राहिलेल्या शरीराची.

अर्धपोटी राहण्याचा परिणाम फक्त पोटावर होत नाही, डोक्यातल्या नियमांवरही होतो. हर्मन आणि मॅक या संशोधकांनी १९७५ मध्ये विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला होता. आधी काहींना मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, मग आइस्क्रीम चाखायला ठेवलं. जे एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हते त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. जे सतत स्वतःला आवरत होते त्यांनी मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. "आज मोडलंच आहे, तर आता उद्यापासून" हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात बोललं जातं. या मुलाच्या वहीत एका रात्री तेच होतं, अक्षरशः: "भुर्जी झालीच, मग आइस्क्रीम पण." त्या रात्री चौथ्या नोंदीला भुकेचा आकडा एक होता.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ताणामुळे खातो म्हणून येणाऱ्या माणसांना बहुतेक वेळा आणखी कमी खायला सांगितलं जातं. जे आधीच जेवण छाटत असतात त्यांच्यासाठी हा सल्ला म्हणजे रात्रीच्या भुर्जीची सोय करून देणं.

बारा गेल्या, उरल्या पाच. या पाचांत भूक तीनच्या खाली होती आणि मनाचा ताण सात ते नऊ. तीन पोटभर जेवलेल्या रात्रीच्या, दोन छाटलेल्या. पाचही वेळा आधी एकतर सराव परीक्षेचे गुण कळले होते किंवा घरचा फोन झाला होता. आईचा फोन रोज दहाला येतो. "आई काही बोलत नाही, मॅडम. जेवलास का, झोपतो कधी, एवढंच. पण मागे टीव्ही चालू असतो आणि मी बोलायला लागलो की तो बंद होतो. बाबा ऐकत असतात. विचारत काहीच नाहीत." फोन ठेवला की तो खाली उतरायचा. हे खरं ताणाचं खाणं.

ताणात भूक मरते असाही अनुभव असतो, आणि तो त्याचाही होता. पूर्वपरीक्षेच्या सकाळी त्याला चहासुद्धा गेला नव्हता, आणि त्याच संध्याकाळी त्याने मित्रांबरोबर दोन प्लेट बिर्याणी खाल्ली. दोन्ही एकाच शरीराची कामं आहेत. अचानक आलेल्या ताणात अ‍ॅड्रिनलिन उसळतं आणि मेंदूतून सुटणारं सीआरएच नावाचं रसायन भूक दाबतं, पचन बाजूला ठेवलं जातं. पण त्याच साखळीच्या शेवटी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल येतं, आणि ते मागाहून, जास्त वेळ राहतं. खर्च झालेली ऊर्जा भरून काढायची बाजू त्याच्याकडे आहे. ताण संपला की तेही उतरतं. ताण महिनोन्महिने संपतच नसेल, जसा निकालाची वाट बघणाऱ्याचा, तर ते वारंवार चढत राहतं आणि ओढ गोड-तेलकटाकडे वळते.

तेलकट-गोडाकडेच का, याचं एक उत्तर कॅलिफोर्नियात मेरी डॅलमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं. दीर्घ ताणातल्या उंदरांना साखर आणि चरबी खायला मिळाली तर त्यांच्या मेंदूतली ती ताणाची साखळीच मंदावते, असं त्यांचं निरीक्षण होतं. खाणं ताणावरचं औषध म्हणून काही प्रमाणात खरंच लागू पडतं, असा त्याचा अर्थ. माणसात हे इतकं सरळ नाही. लंडनमध्ये २००० साली झालेल्या एका प्रयोगात ६८ जणांपैकी काहींना जेवणानंतर चार मिनिटांचं भाषण करायचं आहे असं सांगून ताण दिला. ताणलेल्यांनी एकूण जास्त खाल्लं नाही. पण ज्यांना भावनेच्या भरात खायची सवय आधीपासून होती, त्यांनी मात्र गोड आणि स्निग्ध पदार्थ जास्त घेतले. म्हणून "ताण आला की माणूस खातो" हे सगळ्यांना लागू पडणारं वाक्य नाही. कुणी खातो, कुणाचं अन्न तुटतं. या मुलाच्या घरी तो लहानपणी रडला की आजी गूळ-शेंगदाणे हातावर ठेवायची. तो हे हसतच सांगत होता. एवढ्यावरून मी काही सिद्ध करणार नाही, पण सवयीला कुठेतरी सुरुवात असतेच.

त्या पाच नोंदींतले ताणाचे आकडे मी त्याच्यासमोर एकाखाली एक लिहिले. खाण्याआधी साधारण आठ, खाल्ल्यावर लगेच पाच, अर्ध्या तासाने पुन्हा सहा-सात. म्हणजे भुर्जी काम करत होती, वीस मिनिटं. "खाऊन काही उपयोग होत नाही" असं त्याला सांगितलं असतं तर त्याने मनात म्हटलं असतं, बाईंना काय कळतंय. उपयोग होतो, म्हणून तर तो खाली उतरतो. प्रश्न हा होता की न खाता तो आकडा किती उतरला असता. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. लोकांचं मन उदास करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या, मग काहींना त्यांचा आवडता दिलासा देणारा पदार्थ दिला, काहींना दुसरा कुठला तरी, काहींना काहीच नाही. सगळ्यांचं मन साधारण सारखंच सावरलं. आपण खातो, थोड्या वेळाने बरं वाटतं, आणि श्रेय पदार्थाला देतो.

या तीन कारणांवर तीन वेगळे उपाय केले, आणि क्रम मुद्दाम ठरवला.

पहिले दोन आठवडे फक्त रात्रीचं जेवण. तीन पोळ्या, भाजी, वाटीभर घट्ट वरण, थोडा भात, मिळेल तेव्हा दही. शिवाय संध्याकाळी साडेपाचला मूठभर भाजलेले फुटाणे आणि कपभर दूध, कारण एकचं जेवण आणि साडेआठचं जेवण यात साडेसात तासांचं अंतर होतं. त्याला हे पटत नव्हतं. वजन कमी करायला आलो आणि मॅडम पोळी वाढवतायत! पंधरा दिवसांत रात्रीच्या नोंदी सतरावरून सातवर आल्या. वजन तसूभर हललं नाही आणि तेव्हा ते हलणं अपेक्षितही नव्हतं.

मग दुपार. प्रश्न सोडवणं तीन ते पाचमध्येच ठेवलं. सकाळचं वाचन नुसतं वाचन राहिलं नाही: एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. अभ्यासाच्या दृष्टीने याचा फायदा असतो हे तो स्वतःच सांगू लागला, पण माझा हेतू एवढाच की हात आणि डोकं दोन्ही गुंतावं. सकाळच्या उगवलेल्या नोंदी दहा दिवसांत गेल्या. क्रीमरोलसाठी टपरी बदलली. जुन्या टपरीवरचा चहावाला न विचारता क्रीमरोल पुढे करायचा.

एक उपाय फसला आणि तो माझा होता. सुरुवातीला मी चिवड्याचा डबा काढून टाकायला सांगितलं होतं. त्याने काढला. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी खाली उतरून वडापाव खाऊ लागला. कंटाळा तसाच होता, डबा नव्हता, आणि जिना उतरणं ही आणखी एक सुटका मिळाली. समोरून पदार्थ हलवल्याने बऱ्याच जणांचं खाणं कमी होतं हे खरं, पण इथे मी चाळ्याला दुसरं काही न देता फक्त चिवडा काढून घेतला. चिवडा परत आला, लहान वाटीसह. डब्यातून थेट खायचं नाही, एवढाच नियम राहिला.

शेवटी ताणाच्या रात्री. त्यांना मी सगळ्यात शेवटी हात लावला, कारण वखवख आणि चाळा आधी दूर झाल्याशिवाय त्या ओळखूच येत नाहीत. आईचा फोन दहाऐवजी संध्याकाळी सहाला, चालता चालता. त्याने आईला कारण सांगितलं नाही, वेळ बदलली एवढंच सांगितलं. सराव परीक्षेच्या गुणांची वेळ बदलता येत नव्हती. त्या रात्री करायचं काय? खायचं नाही असा नियम केला नाही, कारण नियम मोडला की आइस्क्रीमची रात्र पुन्हा आली असती. वहीत ताणाचा आकडा लिहायचा, अर्धा तास थांबायचं, पुन्हा लिहायचा, आणि मग खावंसं वाटलं तर जाऊन खायचं, अपराधी न वाटता. मधल्या अर्ध्या तासात मित्राशी बोलला, कधी अंघोळ केली, एकदा नुसता छताकडे बघत पडला. अशा सात रात्री आल्या. चारदा तो खाली उतरला नाही. तीनदा उतरला. न उतरलेल्या रात्रींतही आकडा आठवरून पाच-सहावर येत होता. हे त्याने स्वतः मोजलं, माझ्या तोंडून ऐकलं नाही, म्हणून त्याला पटलं.

सातव्या आठवड्यात एका सराव परीक्षेत तो खूप मागे पडला. तीन दिवस वही कोरी, आणि त्याच्याच शब्दांत "सगळं गेलं". चौथ्या दिवशी आला तेव्हा मी फक्त रात्रीच्या जेवणाचं विचारलं. तीन दिवस मेसला गेलाच नव्हता. गुण बघून जेवण सुटलं, जेवण सुटल्यामुळे रात्री वखवख, आणि वखवखीवर ताणाची फोडणी. त्या रात्री मेसला जायचं, इतकंच ठरलं. बाकी काहीही नाही. वही पाचव्या दिवशी पुन्हा सुरू झाली.

बारा आठवड्यांच्या शेवटच्या चौदा दिवसांत १८ नोंदी होत्या: दुपारच्या ६, रात्रीच्या ५, इकडेतिकडे ७. वजन ८१.२ किलो, कंबर ९५. तो थोडा खट्टू झाला, त्याला आठ-दहा किलो हवे होते. यातलं कशामुळे किती झालं हे मी सांगू शकत नाही. रात्रीचं खाणं गेल्यामुळे तो दीडऐवजी बाराला झोपू लागला होता, आणि कमी झोप स्वतःच भूक वाढवते. संध्याकाळी फोनवर चालणंही होत होतं. सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, आणि हा एकच मुलगा आहे. लहान बाळ असलेल्या आईच्या वहीत किंवा रात्रपाळीच्या कामगाराच्या वहीत हीच तीन कारणं वेगळ्या प्रमाणात निघतात, कधी एखादं निघतच नाही.

पुढची पूर्वपरीक्षा जवळ आल्यावर तो एकदा येऊन गेला. सकाळी काही जाणार नाही हे आम्ही धरूनच चाललो: दूध आणि केळं, तेही नाही गेलं तर ताक. दोन पेपरांच्या मधे पोळीचा रोल. संध्याकाळची बिर्याणी रद्द करायची का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मुळीच नाही, मित्रांबरोबर जा, पण दुपारी अर्धपोटी राहू नकोस. परीक्षेच्या रात्री त्याचा निरोप आला: "एक प्लेट. दुसरी मागवली नाही, लक्षातच आलं नाही."